वयाचे बाराही आकडे पास, तरी ३५ वर्षांच्या माणसाला ३६चा प्रीमियम: टेस्ट केसेस चुकल्या कुठे?

मुग्धा_के | १८ जून २०२५, रात्री ९.४०

नमस्कार. मी पुण्यात टेस्टिंगमध्ये आहे, आठ महिने झाले. आमच्याकडे एका आरोग्य विम्याच्या फॉर्मचं काम चालू आहे. ग्राहक जन्मतारीख टाकतो, वय आपोआप येतं आणि वयोगटाप्रमाणे वार्षिक प्रीमियम दिसतो. खरे दर इथे देता येणार नाहीत, म्हणून आकडे बदलले आहेत. ५ लाखांच्या विम्याला १८ ते २५ वयासाठी ४,२०० रुपये, २६ ते ३५ साठी ५,१००, ३६ ते ४५ साठी ६,९००, ४६ ते ५५ साठी १०,४०० आणि ५६ ते ६५ साठी १५,८००. १८ च्या खाली आणि ६५ च्या वर फॉर्म पुढे जायला नको.

मी शिकले तसंच केलं. पाच गट म्हणजे पाच व्हॅलिड क्लास, आणि खालचा-वरचा मिळून दोन इनव्हॅलिड. बाउंडरीसाठी १७, १८, २५, २६, ३५, ३६, ४५, ४६, ५५, ५६, ६५, ६६ असे बारा आकडे घेतले. सगळ्या केसेस पास झाल्या. लीडनेही बघून बरं म्हटलं.

काल, १७ जूनला, क्लायंटकडच्या बाईंनी यूएटीमध्ये, म्हणजे क्लायंट स्वतः वापरून बघतो त्या टप्प्यात, स्वतःच्या भावाची जन्मतारीख टाकली, १४ नोव्हेंबर १९८९. भाऊ अजून ३५ चा आहे. फॉर्मने ६,९०० दाखवले. पहिल्याच दिवशी, पहिल्याच एंट्रीला. मीटिंगमध्ये माझी शीट उघडली तेव्हा त्यात ३५ आणि ३६ दोन्ही हिरवे होते. मला खरंच कळत नाहीये की मी कुठली केस सोडली. कुणी सांगेल का?

अनिकेत७९ | १८ जून, रात्री १०.०५

मी डेव्हलपर आहे. हा टेस्टिंगचा प्रश्नच नाही, कोडची चूक आहे. कुणीतरी २०२५ मधून १९८९ वजा केलंय, ३६ आले. दिवस मोजून ३६५.२५ ने भागा आणि पूर्णांक घ्या, लीप वर्षासकट सगळं सुटतं. आणि बाराच आकडे कशाला? ऑटोमेशन आहे ना, १७ ते ६६ सगळी ५० वयं चालवा, दोन मिनिटांचं काम.

शरद_टेस्टिंग | १८ जून, रात्री ११.२०

मुग्धा, उत्तर द्यायच्या आधी एक विचारतो. त्या बारा केसेसमध्ये तू जन्मतारखा कुठल्या टाकल्या होत्यास? वयं नव्हे, प्रत्यक्ष फॉर्ममध्ये टाइप केलेल्या तारखा.

मुग्धा_के | १८ जून, रात्री ११.३२

शीट उघडून बघितली. सगळ्या ०१/०१ आहेत. वर्ष तेवढं बदललं. ३५ साठी ०१/०१/१९९०, ३६ साठी ०१/०१/१९८९.

आत्ता लिहिताना लक्षात आलं. जूनमध्ये बसून १ जानेवारी टाकली की वाढदिवस नेहमी होऊन गेलेलाच असतो.

शरद_टेस्टिंग | १९ जून, सकाळी ७.१५

बरोबर पकडलंस. तुझे बारा आकडे चुकीचे नव्हते. ते चुकीच्या जागी लावलेले होते. फॉर्मला वय कुणी देतच नाही. फॉर्मला जन्मतारीख मिळते आणि दुसऱ्या बाजूने 'आजची' तारीख मिळते. वय ही त्यातून निघालेली मधली गोष्ट आहे. म्हणून सीमा ३५ आणि ३६ या आकड्यांमध्ये नाही, ती एका मध्यरात्रीवर आहे. आज रात्री बारापर्यंत ३५, बारा वाजून गेल्यावर ३६. टेस्ट तिथे बसली पाहिजे.

अनिकेत म्हणतात तशी १७ ते ६६ सगळी वयं १ जानेवारी धरून चालवली असती, तर पन्नासच्या पन्नास पास झाली असती आणि ही चूक तशीच राहिली असती. केसेस वाढवून काही होत नाही, त्या सगळ्या वाढदिवस होऊन गेलेल्या लोकांच्याच आहेत.

आता करायचं कसं ते सांगतो. आधी 'आज' ठरवून टाक, समजा १७ जून २०२५. मग ३५/३६ च्या सीमेला तीन माणसं उभी कर. एकाचा जन्म १८/०६/१९८९, तो उद्या ३६ चा होणार, म्हणजे आज ३५ आणि ५,१०० रुपये. दुसऱ्याचा १७/०६/१९८९, आज वाढदिवस, ३६ पूर्ण, ६,९००. तिसऱ्याचा १६/०६/१९८९, काल झाला, ६,९००. वर्षं वजा करणारा कोड पहिल्याच माणसाला ३६ म्हणतो आणि तिथेच सापडतो. वाढदिवसाच्या दिवशी `<` आणि `<=` मध्ये कुणी घोळ घातला असेल तर तो दुसऱ्या माणसावर सापडतो.

अशा तुझ्या सहा सीमा आहेत: १७/१८, २५/२६, ३५/३६, ४५/४६, ५५/५६ आणि ६५/६६. म्हणजे अठरा तारखा. फार नाहीत.

शेवटच्या सीमेला जास्त वेळ दे. 'कमाल वय ६५' हे वाक्य दोन माणसं दोन तऱ्हांनी वाचतात. एकाच्या मते ६५ वा वाढदिवस झाला की दार बंद. दुसऱ्याच्या मते ६५ वर्षं ३६४ दिवसांपर्यंत उघडं. तुमच्या तक्त्यात ५६ ते ६५ असा गट आहे, त्यावरून दुसरा अर्थ निघतो. तसं असेल तर १६/०६/१९६० जन्माच्या, ६५ वर्षं १ दिवसाच्या माणसाला फॉर्मने १५,८०० दाखवायला हवेत, १८/०६/१९५९ वाल्यालाही तेवढेच, आणि १७/०६/१९५९ वाल्याला अडवायला हवं. पण हे अंदाजाने लिहू नकोस, बिझनेस अ‍ॅनालिस्टकडून, म्हणजे बीएकडून, लेखी घे.

सुलभा_सातारा | १९ जून, सकाळी १०.५०

मला टेस्टिंगमधलं काही कळत नाही, पण विषय प्रीमियमचा दिसला म्हणून विचारते. माझ्या आईची पॉलिसी ५ मे ला संपत होती. मुदत चुकू नये म्हणून मी १२ एप्रिललाच पैसे भरायला बसले. आईची ५६ वर्षं २० एप्रिलला पूर्ण झाली, म्हणजे मी पैसे भरले त्या दिवशी ती ५५ चीच होती. तरी त्यांनी वरच्या गटाचा प्रीमियम घेतला. फोन केला तर म्हणाले, सिस्टिमच तसं दाखवते. साडेचार हजारांचा फरक आहे हो. ही चूक आहे का? तक्रार कुठे करायची?

विमा_मित्र_सांगली | १९ जून, दुपारी १२.३०

सुलभाताई, चूक नाही. रिन्यूअलला वय धरतात ते नवीन वर्षाचं संरक्षण ज्या दिवशी सुरू होतं त्या दिवसाचं. आईंची नवीन मुदत ६ मे पासून, तेव्हा त्या ५६ च्या. पैसे आधी भरले म्हणून वय मागे जात नाही. फक्त हे रिन्यूअलच्या नोटिशीत लिहिलेलं असतं का ते बघा. तिथे दुसरी रक्कम छापलेली असेल तर मग जरूर विचारा.

आता मुग्धाताईंच्या मूळ प्रश्नाबद्दल. वीस वर्षं एजन्सी करतोय. १४ नोव्हेंबर १९८९ ला तुमच्या फॉर्मने ३६ दाखवलं त्यात बिघडलं काय? १७ जूनपासून पुढचा वाढदिवस १५० दिवसांवर आहे आणि मागचा होऊन २१५ दिवस झाले. जवळचा वाढदिवस पुढचा, म्हणून वय ३६. आयुर्विम्यात आम्ही 'नियरर बर्थडे'नेच वय काढतो. फॉर्म बरोबर आहे, यूएटीवाल्या बाई चुकल्या.

मुग्धा_के | १९ जून, दुपारी १.४५

बापरे. हे मला माहीतच नव्हतं. मग बग आहे की नाही?

शरद_टेस्टिंग | १९ जून, दुपारी २.२०

हा मुद्दा सोन्यासारखा आहे. त्याचं उत्तर स्पेसिफिकेशनमध्येच मिळेल, कोडमध्ये नाही. विमा_मित्र म्हणतात ती पद्धत खरीच आहे. एलआयसीच्या कित्येक योजनांच्या पत्रकात तर किमान वय 'पूर्ण झालेलं' आणि कमाल वय 'नजीकच्या वाढदिवसाचं' असं एकाच पानावर दिलेलं असतं. म्हणजे एकाच योजनेत खालची सीमा वाढदिवसावर बसते आणि वरची सीमा दोन वाढदिवसांच्या अधेमधे, सहा महिन्यांवर. सगळीकडे एकच पद्धत धरून तारखा काढल्या की एक टोक हमखास चुकतं.

मुग्धा, तुझ्या कागदात वयाची व्याख्या शोध. 'पूर्ण झालेली वर्षं', 'लास्ट बर्थडे', काहीतरी असेलच.

मुग्धा_के | १९ जून, दुपारी ३.१०

सापडली. परिशिष्टात आहे, मी वाचलंच नव्हतं. 'पॉलिसी सुरू होण्याच्या तारखेला पूर्ण झालेली वर्षं.' म्हणजे यूएटीच्या केसमध्ये ३५ च बरोबर आणि बग खराच आहे.

पण आता मला भीती वाटतेय. डेव्ह टीमने उद्या कोड बदलून दिला आणि तो चुकून नियरर बर्थडेचा असला, किंवा आधीचाच तसाच राहिला, तर १४ नोव्हेंबर टाकून मला फक्त '३६ आले' एवढंच कळेल. दोन्ही पद्धती तेच उत्तर देतात.

शरद_टेस्टिंग | १९ जून, दुपारी ४.००

म्हणून एक तारीख पुरत नाही, दोन लागतात. तुझ्या १४/११/१९८९ च्या जोडीला २८/१२/१९८९ घे. १७ जूनपासून २८ डिसेंबर १९४ दिवस पुढे आहे आणि मागची २८ डिसेंबर १७१ दिवस मागे. इथे नियरर बर्थडेचं उत्तर ३५ येतं आणि वर्षं वजा करण्याचं ३६. आता दोन्ही उत्तरं शेजारी ठेव. ३५-३५ आलं तर पूर्ण वर्षं मोजली आहेत. ३६-३५ आलं तर नियरर बर्थडे. ३६-३६ आलं तर नुसती वर्षांची वजाबाकी. बग रिपोर्टमध्ये 'वय चुकतं' लिहिण्यापेक्षा या दोन ओळी लिहिल्यास की डेव्हला कुठे बघायचं ते त्याच मिनिटाला कळेल.

अनिकेत, ३६५.२५ बद्दलही सांगायचं राहिलं. १० जून २००१ चा जन्म घ्या आणि १० जून २०१९ ला वय काढा, म्हणजे अठराव्या वाढदिवशी. मध्ये २००४, २००८, २०१२ आणि २०१६ अशी चारच लीप वर्षं येतात, म्हणून एकूण दिवस ६,५७४. आणि १८ गुणिले ३६५.२५ म्हणजे ६,५७४.५. अर्धा दिवस कमी पडला, भागाकार १७.९९ आला आणि पूर्णांक घेतल्यावर १७. मुलगा अठरावा वाढदिवस साजरा करतोय आणि फॉर्म त्याला सज्ञान मानत नाही. ज्यांच्या अठरा वर्षांत पाच लीप वर्षं येतात त्यांचं मात्र बरोबर येतं. त्यामुळे ही चूक कधी दिसते, कधी नाही, आणि लोक म्हणतात 'परत काही येईना'. नुसतं ३६५ ने भागलं तर उलटं होतं, माणूस चार-पाच दिवस आधीच मोठा होतो.

अनिकेत७९ | १९ जून, सायंकाळी ६.१५

हिशेब करून बघितला, बरोबर आहे. ३६५.२५ मागे घेतो. आमच्या एका जुन्या मोड्यूलमध्ये हेच आहे, सोमवारी बदलायला लावतो.

जावात तयार पद्धत आहे, तीच वापरावी. पण तिथेही एक जागा सापडली ती इथे देतो, मुग्धाच्या कामाची आहे.

```java
LocalDate dob = LocalDate.of(2008, 2, 29);
LocalDate d = LocalDate.of(2026, 2, 28);
Period.between(dob, d).getYears(); // 17
dob.plusYears(18);                 // 2026-02-28
```

एकच माणूस, एकच दिवस. वय मोजलं तर १७. जन्मतारखेत १८ वर्षं मिळवून 'ही तारीख आली का' असं विचारलं, तर आली. आमच्या टीममध्ये प्रीमियमचा कोड पहिल्या पद्धतीने आणि पात्रता तपासणारा दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला आहे. म्हणजे २८ फेब्रुवारीला पात्रता 'हो' म्हणेल आणि प्रीमियमला १७ वर्षांचा दर सापडणार नाही.

वकील_कोल्हापूर | १९ जून, रात्री ८.०५

सज्ञान होण्याबद्दल १८७५ चा भारतीय सज्ञानता कायदा आहे. त्यात जन्माचा दिवस पूर्ण धरायचा आणि त्या दिवसाच्या अठराव्या वार्षिक दिनाच्या सुरुवातीलाच माणूस सज्ञान होतो असं आहे. त्यामुळे वाढदिवशी सकाळी फॉर्म भरणारा पात्रच, त्याला 'तुझा जन्म दुपारी चारचा, तेव्हा ये' असं म्हणता येत नाही. मात्र २९ फेब्रुवारीला जन्मलेल्याचा वार्षिक दिन साध्या वर्षात २८ ला की १ मार्चला, हे त्या शब्दांतून मला सरळ निघताना दिसत नाही. दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो.

विमा_मित्र_सांगली | १९ जून, रात्री ८.४०

१ मार्चच धरावा असं माझं मत. २८ ला वर्ष पूर्ण झालेलं नसतं.

तारखांवरून आठवलं. आमच्याकडच्या जुन्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून हीच जन्मतारीख असलेले लोक ढिगाने आहेत. जुन्या आधार कार्डांवर काहींचं नुसतं जन्मवर्षच आहे. असा माणूस फॉर्मसमोर बसला की मुलगा त्याची तारीख म्हणून ०१/०१ टाकून मोकळा होतो. ऑफिसात शाळेचा दाखला आला की १ जून निघते. म्हणजे मार्चमध्ये पॉलिसी घेतली तर एका तारखेने एक वय, दुसरीने दुसरं. हे तुमच्या टेस्टिंगमध्ये येतं का?

शरद_टेस्टिंग | १९ जून, रात्री ९.३०

येतं. पण ती प्रीमियम काढण्याची टेस्ट नव्हे, नंतर जन्मतारीख दुरुस्त केल्यावर प्रीमियम पुन्हा काढला जातो का याची आहे. ०१/०१/१९९० टाकून प्रस्ताव केला, मग कागदपत्रांवरून ०१/०६/१९९० झाली, तर गट बदलतो का ते बघायचं. 'सुरू होण्याची तारीख' १५ मार्च २०२६ धरली तर पहिल्या तारखेने ३६, दुसरीने ३५. मुग्धा, दुरुस्तीची स्क्रीन तुमच्याकडे असेल तर ही केस घाल.

आणि सुलभाताईंच्या प्रश्नाकडे परत ये. त्यांनी तुझ्या शीटमधला मोठा खड्डा दाखवलाय. तुझ्या कागदात 'पॉलिसी सुरू होण्याच्या तारखेला' असं लिहिलंय आणि आपण सकाळपासून 'आज' धरून बोलतोय, मीही तेच केलं. नवीन पॉलिसीत पैसे भरले त्याच दिवशी संरक्षण सुरू होत असेल तर फरक पडत नाही. पण ग्राहकाला पुढची तारीख निवडता येत असेल, किंवा रिन्यूअल असेल, तर फॉर्म भरताना ५५ आणि सुरू होताना ५६ अशी माणसं येणारच. त्यांच्यासाठी वेगळ्या जोड्या लागतील: वाढदिवस दोन तारखांच्या मध्ये, वाढदिवस नेमका सुरू होण्याच्या दिवशी, आणि वाढदिवस त्याच्या दुसऱ्या दिवशी.

रिन्यूअलला क्लासच बदलतात हेही बघ. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत १८ ते ५० वयात नाव नोंदवता येतं, पण एकदा घेतल्यावर ५५ पर्यंत ४३६ रुपये भरत चालू ठेवता येतं. म्हणजे ५२ हा आकडा नवीन माणसासाठी इनव्हॅलिड आणि जुन्यासाठी व्हॅलिड. वयाचा क्लास एकट्या वयावर ठरत नाही. आरोग्य विम्यात तर रिन्यूअल आयुष्यभर द्यावं लागतं. तुझ्या ६६ ला 'अडवा' लिहिलंय, ते नवीन पॉलिसीपुरतंच खरं आहे.

मुग्धा_के | २० जून, सकाळी ११.००

बीएला विचारलं. रिन्यूअल याच फॉर्ममधून होणार आहे, पुढच्या स्प्रिंटला. आणि दराच्या तक्त्यात ६५ च्या पुढची ओळच नाही. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्यांनी अ‍ॅक्च्युअरी टीमला मेल टाकलाय. सुलभाताई, तुमच्या आईंमुळे हे सापडलं, मनापासून आभार.

सुलभा_सातारा | २० जून, सकाळी ११.४०

अगं, मी तर तक्रार करायला आले होते. नोटीस शोधली, त्यावर वरचीच रक्कम छापलेली होती, मीच वाचली नव्हती. पण मग वेबसाइटवर 'वय: ५५' असं का दाखवत होतं? त्यामुळेच माझा गैरसमज झाला ना. तुम्ही करताय त्या फॉर्ममध्ये तरी कुठल्या तारखेचं वय ते लिहा.

मुग्धा_के | २४ जून, सकाळी १०.२०

नवीन बिल्ड आलं. १४/११ आणि २८/१२ दोन्हींना ३५ आलं, अठराही तारखा पास. पण एक विचित्र गोष्ट घडतेय. मी ऑटोमेशनमध्ये 'आज अठरा पूर्ण होणारा' माणूस तारखेतून १८ वर्षं वजा करून बनवते. रात्री दीडच्या रनमध्ये ही केस फेल होते, फॉर्म त्याला १७ चा म्हणतो. सकाळी नऊला मी हाताने चालवते तेव्हा पास. तीन रात्री असंच झालं. डेव्ह म्हणतो टेस्ट फ्लेकी आहे, उगाच कधी पास कधी फेल होते, काढून टाक.

शरद_टेस्टिंग | २४ जून, सकाळी १०.४५

काढू नकोस! तीन रात्री नेमाने फेल होणारी टेस्ट काहीतरी सांगतेय. सर्व्हर यूटीसीवर असणार, ती वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. आपल्या रात्रीच्या दीडला तिथे आदल्या दिवसाचे रात्रीचे आठ वाजलेले असतात. त्याच्या 'आज'ला त्या मुलाचा वाढदिवस उद्या आहे. पहाटे साडेपाचपर्यंत हे रोज होणार. पहाटे ५.२९ आणि ५.३० ला चालवून बघ, पहिली फेल आणि दुसरी पास झाली तर शंकाच नको.

अनिकेत७९ | २४ जून, सकाळी ११.३०

याच्या उलटी चूक ब्राउझरकडूनही होते, ती पण तपासा. कॅलेंडरमधून निवडलेली तारीख काही फॉर्म अशी पाठवतात:

```js
new Date(2007, 5, 10).toISOString()
// भारतीय वेळेत: "2007-06-09T18:30:00.000Z"
```

सर्व्हरने सुरुवातीची दहा अक्षरं घेतली की १० जूनची ९ जून झाली आणि माणूस एक दिवस आधी मोठा झाला. दोन्ही चुका एकत्र असतील तर रात्री एकमेकींना झाकतात आणि दिवसा उद्याच्या वाढदिवसाचा माणूस आजच वरच्या गटात जातो. म्हणून सर्व्हर दुरुस्त केल्यावर 'उद्या वाढदिवस' वाली केस दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा चालवा.

दुबईकर | २४ जून, दुपारी ३.००

इथून भारतातली पॉलिसी घेणारे आम्ही बरेच आहोत. मी रात्री अकराला फॉर्म भरतो तेव्हा भारतात साडेबारा झालेले असतात. माझा वाढदिवस तिथे लागलेला असतो, इथे अजून नसतो. कुणाचा 'आज' धरणार?

शरद_टेस्टिंग | २४ जून, दुपारी ४.१०

पॉलिसी भारतातली, तिची सुरू होण्याची तारीख भारतीय वेळेची, म्हणून वयही भारतीय तारखेनेच. पण तुमच्या ब्राउझरने स्वतःच वय काढून दाखवलं तर स्क्रीनवर एक आणि पावतीवर दुसरं येईल. मुग्धा, ही केस लॅपटॉपचा टाइमझोन बदलून तुला सहज करता येईल.

मुग्धा_के | २६ जून, सायंकाळी ७.३०

५.२९ ला फेल, ५.३० ला पास. अलार्म लावून उठले होते. स्क्रीनशॉट लावल्यावर डेव्हने लगेच मान्य केलं. आता सर्व्हरवर तारीख भारतीय वेळेने घेतात, आणि टेस्टसाठी घड्याळ बाहेरून देता येईल अशी सोय करून दिली आहे. त्यामुळे माझ्या अठरा तारखा आता १७/०६/२०२५ ला बांधल्या आहेत, रोज बदलाव्या लागत नाहीत. रात्रीची ती एक केस मात्र खऱ्या घड्याळावरच ठेवली आहे.

एक शंका राहिली. ४६ पासून पुढे वैद्यकीय तपासणी लागते असा नियम आहे. मी १७/०६/१९७९ च्या आसपासच्या तीन तारखा घेतल्या, काल-आज-उद्या. तेवढं पुरे का?

शरद_टेस्टिंग | २६ जून, रात्री ९.००

घड्याळ बांधून मिळालं हे फार चांगलं झालं.

तीन तारखा तिथे पुरत नाहीत. समज कोडमध्ये असं पडलंय:

```java
if (age == 46) medicalRequired = true;  // हवं होतं: age >= 46
```

तुझ्या तीन माणसांची वयं येतात ४५, ४६, ४६. तिघांचीही उत्तरं बरोबर येतील. चूक दिसते फक्त ४७ च्या माणसाला. म्हणून १७/०६/१९७८ चा एक माणूस जोड. दिवसाच्या पट्टीवर सीमेच्या दोन्ही बाजूंचे शेजारी घेतलेस, पण वयाच्या पट्टीवर ४६ चा पुढचा शेजारी वर्षभर लांब आहे. दोन्ही पट्ट्यांवर शेजारी बघावे लागतात. प्रीमियमच्या गटांनाही हे लागू आहे, २७, ३७, ५७ चा एकेक माणूस ठेव.

इनव्हॅलिड केसेस एका वेळी एकच ठेवायच्या, हे तुला माहीत असेल. १७ वर्षांचा माणूस आणि रिकामा मोबाइल नंबर एकत्र टाकलास तर फॉर्म मोबाइलवर अडेल आणि वयाची तपासणी झाली की नाही ते कळणारच नाही.

मुग्धा_के | २७ जून, दुपारी १२.१५

४७ आणि ५७ चा एकेक माणूस जोडला. ४७ पास झाला, पण ५७ खरंच फेल झाला. `==` नव्हतं, पण तपासणीचा नियम ४६ ते ५५ च्या गटालाच लावलेला होता, म्हणून ५७ वाला तपासणीतून सुटत होता.

आणखी एक क्लास मला स्वतःलाच सापडला. फॉर्म मराठीतही आहे. गावाकडच्या काकांनी मोबाइलवर मराठी कीबोर्डने १४/११/१९८९ असं देवनागरीत टाइप केलं, तर जावास्क्रिप्टमधला `\d` ते आकडेच मानत नाही आणि 'तारीख अवैध' येतं. जावात `Integer.parseInt("१९८९")` मात्र व्यवस्थित १९८९ देतं. सर्व्हर घेतो, ब्राउझर अडवतो. हा बग म्हणून टाकलाय.

२९ फेब्रुवारीचा मेल अजून लीगलकडे आहे. तोपर्यंत त्या केसच्या 'अपेक्षित उत्तर' रकान्यात मी काहीच लिहिलेलं नाही, फक्त पात्रता आणि प्रीमियम दोघांचं उत्तर एकच यायला हवं एवढं तपासते. आणि एक कोटेशन आज काढून उद्या पैसे भरले, मध्ये वाढदिवस आला तर कुठली रक्कम, यावर बीए आणि क्लायंटचं एकमत होत नाहीये.

विमा_मित्र_सांगली | २७ जून, दुपारी १.३०

कोटेशनवर 'अमुक तारखेपर्यंत वैध' छापता का? छापत असाल तर ग्राहक तो कागद घेऊन माझ्याकडेच येतो. आमच्याकडे यावरून भांडणं झाली आहेत.

मुग्धा_के | २७ जून, दुपारी १.५०

छापतो. १५ दिवस वैध असं छापतो. हे आत्ताच बीएला पाठवते.